पठारावरचे फोटो टाकायचे आहेत, पण त्यातलं ठिकाण आधी कसं काढायचं?

पठारवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आम्ही सातारा भागातली काही जणं पावसाळ्यात पठारांवर फिरून फुलांच्या नोंदी ठेवतो. कास सगळ्यांना माहीत आहे, तिथे राखणीला माणसं आहेत. आमची अडचण कासबाहेरच्या लहान सड्यांची आहे. यंदा एका सड्यावर कंदीलपुष्पाची चांगली वसाहत सापडली. त्याचा कंद खातात, शिवाय हौशी बागवाल्यांनाही तो हवा असतो, त्यामुळे नेमकी जागा बाहेर पडायला नको असं आमच्यात ठरलं आहे.

आता फोटो तीन ठिकाणी जाणार आहेत. एक सार्वजनिक अल्बम, एक व्हॉट्सॅप गट आणि एका अभ्यासकाला ईमेलने. फोनचे फोटो आहेत, थोडे मोठ्या कॅमेऱ्याचेही आहेत. माझे प्रश्न दोनच. फोटोत ठिकाण लपलेलं आहे की नाही हे खात्रीने कसं बघायचं? आणि आमच्या स्वतःच्या प्रतीत ते ठेवून फक्त बाहेर जाणाऱ्या प्रतीतून कसं काढायचं? नोंदींसाठी आम्हाला अक्षांश-रेखांश हवेच आहेत, म्हणून कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा हे उत्तर चालणार नाही.

शमा_डों

एवढं टेन्शन घेऊ नका. व्हॉट्सॅपवरून फोटो पाठवला की आतली सगळी माहिती उडते. फेसबुक, इन्स्टाचंही तेच. आणि मी तर आत्ताच माझ्या फोनवरचा एक फोटो ब्राउझरमधून एका मेटाडेटा बघायच्या साइटवर चढवून पाहिला. कॅमेऱ्याचं नाव, वेळ सगळं दिसलं, लोकेशन नाहीच. म्हणजे हल्लीचे फोन लोकेशन लिहीतच नाहीत.

खटपट्या

शमाताई, पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे, शेवटचं चूक.

व्हॉट्सॅप फोटो म्हणून पाठवलं तर माहिती जाते, हे खरं. पण फोटोचा दर्जा टिकावा म्हणून लोक 'डॉक्युमेंट' करून पाठवतात, तेव्हा फाइल जशीच्या तशी जाते, अक्षांश-रेखांशासकट. निसर्गवाल्यांच्या गटांत तर हे सर्रास चालतं, कारण फुलाच्या केसांवरून जात ओळखायची असते आणि दाबलेल्या फोटोत ते केस दिसत नाहीत. टेलिग्रामवर 'फाइल' म्हणून पाठवलं की तेच. ईमेल आणि ड्राइव्हची लिंक यांत काहीही काढलं जात नाही. म्हणजे धागाकर्त्यांच्या अभ्यासकाला जाणारा ईमेल हीच सगळ्यात उघडी वाट आहे.

आता तुमची चाचणी. अँड्रॉइड १० पासून नियम असा आहे की ज्या ॲपला फोटोतलं ठिकाण वाचायची वेगळी परवानगी नाही, त्याला फोन फोटो देताना ठिकाण झाकूनच देतो. तुमच्या ब्राउझरला ती परवानगी नसणार. म्हणून साइटला ठिकाण दिसलं नाही. मूळ फाइलमध्ये ते असू शकतं. फोन यूएसबी वायरने कंप्युटरला जोडा, फोटो कॉपी करा आणि तिथे बघा. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, Properties, मग Details. खाली सरकत गेल्यावर GPS असा भाग असेल तर त्यात `18; 55; 19.2` अशा धर्तीचे आकडे दिसतील. अंश, कला, विकला.

आणि ज्या फोटोंची काळजी आहे तेच फोटो अनोळखी साइटवर चढवून तपासणं हे मला तरी उफराटं वाटतं.

शमा_डों

वायरने कॉपी करून पाहिलं. आहे की! आमच्या गच्चीचं ठिकाण आहे. मागच्या आठवड्यात जुना सोफा विकायला टाकला त्याचे फोटो पण याच फोनचे होते 🙄

खटपट्या

तुम्ही विक्रीच्या ॲपमधून निवडले असतील तर तेव्हाही फोनने झाकले असण्याची शक्यता आहे. पण त्यावर विसंबू नका. जाहिरातीतला फोटो कंप्युटरवर उतरवून घ्या आणि असाच तपासा. दुसऱ्याच्या हाती जी प्रत पडते तीच तपासायची, आपल्याकडची नाही.

नाना_जोगळेकर

फोटोच्या खाली डाव्या बाजूला नकाशाचा चौकोन, गावाचं नाव, अक्षांश, तारीख असं सगळं येतं, ते काढायचं आहे का? आमच्या शाळेत पोषण आहाराचे, वृक्षारोपणाचे सगळे फोटो जीपीएस मॅप कॅमेऱ्याने काढून वर पाठवावे लागतात. ते काढलं तर फोटो परत येतो!

पठारवेडा

नाही नाना, आमच्या फोटोवर तसं काही छापलेलं नाही. आतमध्ये असतं त्याबद्दल विचारतोय.

खटपट्या

नानांनी वेगळंच विचारलं, पण मुद्दा कामाचा आहे. तो चौकोन हा चित्राचाच भाग होऊन बसतो. फोटोवर पेनने लिहावं तसा. त्यामुळे व्हॉट्सॅप, स्क्रीनशॉट, कोणतंही साधन, कशानेही जात नाही, कापूनच टाकावा लागतो. आणि कापल्यावरही आतली माहिती राहू शकते, ती वेगळी काढायची. नाना, शाळेला पाठवायचे ते तसेच पाठवा. फक्त मुलांचे चेहरे आणि तो चौकोन असलेला फोटो गावाच्या खुल्या गटावर टाकू नका.

धागाकर्त्यांसाठी आता नीट लिहितो. मी `exiftool` वापरतो. फुकट आहे, फिल हार्वे यांनी २००३ पासून चालवलेलं आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. काळ्या खिडकीत टाइप करावं लागतं एवढंच. तुमच्या सड्याचे आकडे इथे टाकायचे नाहीत, म्हणून मी गेटवे ऑफ इंडियाचा फोटो घेतो, ती जागा काही गुपित नाही.

```
exiftool -a -G1 -s "-*GPS*" gateway.jpg
```

यातून जे आलं त्यातल्या कामाच्या ओळी:

```
[GPS]       GPSLatitude      : 18 deg 55' 19.20"
[GPS]       GPSLongitude     : 72 deg 50' 4.92"
[GPS]       GPSImgDirection  : 112
[XMP-exif]  GPSLatitude      : 18 deg 55' 19.20" N
[XMP-exif]  GPSLongitude     : 72 deg 50' 4.92" E
```

एक विकला म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर. इथे विकलेचेही शतांश लिहिलेले आहेत. फोनचा जीपीएस तेवढा अचूक नसतो, पण मोकळ्या सड्यावर, डोक्यावर झाड नसताना, पाच-दहा मीटरवर तो सहज येतो. कंदीलपुष्पाची वसाहत शोधायला तेवढं पुष्कळ झालं. `GPSImgDirection` म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते. तुम्ही कुठे उभे होता आणि कुठे बघत होता, दोन्ही कळतं.

आता डावीकडचे कंस बघा. तेच ठिकाण दोनदा लिहिलेलं आहे. पहिलं फोनने लिहिलं. दुसरं मी तो फोटो एका फोटो-संपादकातून काढला तेव्हा त्याने स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात उतरवून ठेवलं. लोक जाळ्यावर सापडलेली पहिली आज्ञा मारतात:

```
exiftool -gps:all= gateway.jpg
```

याने फक्त पहिला कप्पा रिकामा होतो. `XMP` मधलं ठिकाण तसंच. शिवाय हे साधन मूळ फाइल `gateway.jpg_original` या नावाने शेजारी ठेवतं, ती अख्खी ठिकाणासकट असते. तुम्ही अख्खा फोल्डर ड्राइव्हवर टाकलात की तीही गेली.

पठारवेडा

बाप रे. आमच्यातला एक जण संगणकावर फोटोंना 'तालुका', 'गाव' असं कीवर्डमध्येही लिहितो. तेही राहणार मग?

खटपट्या

राहणार. गावाचं नाव, उपस्थळ, कीवर्ड, मथळा हे जीपीएस नाहीत, त्यामुळे जीपीएस पुसणाऱ्या आज्ञेला ते दिसतच नाहीत. म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रतीसाठी मी निवडून पुसत बसत नाही. सगळं पुसतो आणि लागतं तेवढंच परत घेतो:

```
exiftool -all= -tagsfromfile @ -Orientation -ICC_Profile -o baher/ mul/
```

`mul` फोल्डरमधले मूळ फोटो जागचे हलत नाहीत, त्यात तुमचे अक्षांश-रेखांश सुरक्षित. पुसलेल्या प्रती `baher` मध्ये तयार होतात. `Orientation` परत घेतलं नाही तर उभे काढलेले फोटो आडवे पडतात. `ICC_Profile` नसेल तर काही फोनांच्या फोटोंचे रंग फिके दिसतात, आणि फुलाच्या फोटोत रंग गेला की ओळख पटवणाऱ्याची पंचाईत. चित्राला धक्का लागत नाही, दर्जा तोच राहतो.

मग तपासणी:

```
exiftool -r -if "defined $GPSLatitude" -filename baher
```

जे नाव छापलं जाईल त्या फाइलमध्ये ठिकाण शिल्लक आहे. एकही नाव न येता फक्त `40 files failed condition` असं काहीसं आलं तर घाबरू नका. इथे नापास होणं चांगलं, चाळीसही फाइलींत ठिकाण सापडलं नाही असा त्याचा अर्थ. विंडोजवर दुहेरी अवतरण द्या, मॅक-लिनक्सवर एकेरी, नाहीतर `$` मुळे घोळ होतो.

अरुंधती_एनजे

मी अमेरिकेतून. आमच्याकडे सगळे आयफोन, त्यामुळे काळी खिडकी वगैरे नको असेल तर: फोटो निवडून शेअर दाबलं की वर Options असं दिसतं, त्यात Location बंद करा. पाठवलेल्या प्रतीत ठिकाण जात नाही, आपल्या फोनमध्ये राहतं. नातवाचे फोटो नातेवाइकांच्या गटाबाहेर पाठवताना मी हेच करते. मॅकवर Preview मध्ये Tools, Show Inspector, तिथे GPS च्या पानावर ठिकाण काढायचं बटण आहे.

खटपट्या

बरोबर, आणि धागाकर्त्यांची गरजही यात बसते. फक्त कीवर्ड, मथळे त्याने जातात असं धरू नका. आणि पाठवताना दर वेळी ते बघायची सवय हवी.

रानभूल

माझा कॅमेरा मोठा, त्यात जीपीएसच नाही. म्हणजे मी सुटलो ना?

खटपट्या

कॅमेऱ्याचं ॲप फोनवर टाकून दोन्ही ब्लूटूथने जोडले आहेत का? मग फोन कॅमेऱ्याला ठिकाण पुरवत असतो आणि कॅमेरा ते फोटोत लिहितो. एक फोटो तपासा, मिनिटभराचं काम आहे.

रानभूल

जोडलेला आहे. तपासला. ठिकाण आहे, पण सड्याचं नाही, खाली जिथे चहा प्यायलो त्या टपरीचं! पहिल्या चार-पाच फोटोंत तेच.

खटपट्या

असं होतं. नवीन ठिकाण पकडायला वेळ लागतो, तोवर शेवटचं माहीत असलेलं लिहिलं जातं. पठारवेडा, तुमच्या नोंदींसाठी हे लक्षात असू द्या. वर पोचल्यावर नकाशा उघडून निळा ठिपका स्थिर झाला की मग फोटो काढा. दोन वेगळ्या जागांच्या फोटोंत विकलेच्या शतांशापर्यंत एकच आकडा आला तर तो शिळा समजायचा.

तिरकसराव

एक विचारू का? त्या सड्यावर गुरं चारणाऱ्या धनगरांना तो कंद कुठे आहे हे तुमच्या आधीपासून माहीत आहे. तुम्ही लपवताय कोणापासून? पुण्या-मुंबईच्या दुसऱ्या फोटोवाल्यांपासून. सरळ सांगा ना, स्पर्धा आहे म्हणून.

पठारवेडा

स्पर्धा थोडी आहेच, नाकारत नाही. पण गुराखी दोन-चार कंद खातो तेव्हा वसाहत संपत नाही. ठिकाण जाळ्यावर गेलं की ज्याचं त्या सड्याशी काही देणंघेणं नाही असा माणूस गाडी घेऊन येतो, आणि फोटोसाठी आडवा पडून बाजूची दहा रोपं चिरडणाराही त्यात येतो.

खटपट्या

तिरकसराव, बाहेरची उदाहरणं आहेत. दक्षिण चीनमधल्या एका गुहापालीचं, `Goniurosaurus luii` चं, वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातलं ठिकाण वाचून पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी तिला पकडायला लोक पोचले आणि मूळ जागेवरून ती नाहीशी झाली. तिथे फोटोतला जीपीएस नव्हता, छापील शोधनिबंध होता. पण गोष्ट तीच, नेमकी जागा आणि लांबचा गिऱ्हाईक. २०१७ मध्ये 'सायन्स' मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी याच विषयावर लिहून दुर्मिळ जातींची ठिकाणं छापण्याबद्दल फेरविचार करा म्हटलं होतं.

तिरकसराव

आणि लपवून लपवून उद्या त्या सड्यावर पवनचक्की आली तर? इथे दुर्मिळ वनस्पती आहे हे कोणाला ठाऊकच नसेल, हरकत कोण घेणार? जागा जाहीर झाल्यामुळेच कास वाचलं असं म्हणणारेही आहेत.

पठारवेडा

हा मुद्दा आमच्या गटातही निघाला होता. म्हणूनच अभ्यासकाला नेमकी जागा देणार आहोत, फक्त फोटोच्या पोटातून नाही. आकडे फोनवर सांगणार. सरकारी नोंद कुठे आणि किती बारकाईने करायची यावर आमचं अजून एकमत नाही.

खटपट्या

मधला मार्ग आकडा भोंगळ करण्याचा. अंशाच्या दशांश चिन्हापुढे एकच आकडा ठेवलात तर सुमारे ११ किलोमीटरचा अंदाज राहतो, दोन ठेवलेत तर साधारण १.१ किलोमीटर. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर जागा झाकलेली नोंद केली की ते लोकांना ०.२ अंशाच्या चौकोनातला कुठलातरी एक ठिपका दाखवतात. पण फोटोत स्वतः गोल केलेला आकडा लिहू नका असं माझं मत. बघणाऱ्याला तो नेमका वाटतो आणि उगाच तिसऱ्याच कोणाच्या शेतात लोक जाऊन उभे राहतात.

अरुंधती_एनजे

मला एक कळलं नाही. अल्बममध्ये फक्त त्या फुलाच्या फोटोतून ठिकाण काढलं आणि बाकी सहलीचे फोटो तसेच ठेवले तर चालेल ना? बाकीच्यांत तर नुसती माणसं आणि ढग आहेत.

खटपट्या

नेमकं इथेच बहुतेक लोक सापडतात. समजा ७:३४ ला ढगांचा फोटो, ठिकाणासकट. ७:३६ ला कंदीलपुष्प, ठिकाण काढलेलं, पण वेळ तशीच. ७:३९ ला मित्राचा फोटो, ठिकाणासकट. माणूस चालत दोन मिनिटांत साधारण दीडशे मीटर जातो, सड्यावर फुलं बघत त्याहून कमीच. नकाशावर दोन ठिपके टाकले की मधला पट्टा हाताशी आला. तुम्ही ठिकाण पुसलंत म्हणून उलट कळलं की याच फोटोत काहीतरी आहे.

आयनॅचरलिस्टवाल्यांनाही हे माहीत आहे. झाकलेल्या नोंदीची तारीखही ते इतरांना फक्त महिना-वर्ष एवढीच दाखवतात.

म्हणून त्या दिवसाचे सगळे फोटो वर दिलेल्या आज्ञेतून काढा. तिच्यात वेळही जाते. मात्र फाइलचं नाव राहतं. `IMG_20240915_073612.jpg` मध्ये तारीख, तास, मिनिट, सेकंद सगळं आहे. नावं बदला. आणि त्याच सकाळचा ट्रेकचा माग कोणी पळण्याच्या ॲपवर खुला टाकला असेल तर तो आधी बंद करायला सांगा.

पठारवेडा

माग टाकलेला आहे. आमच्यातल्या एकाने, अभिमानाने. त्याला आत्ता फोन लावतो.

शमा_डों

गूगल फोटोजमधून अल्बमची लिंक दिली तर? तिथे नकाशा दिसतो फोटोखाली.

खटपट्या

अल्बमच्या पर्यायांत ठिकाण दाखवायचं की नाही याचं बटण आहे, ते बंद करा. कॅमेऱ्याने लिहिलेलं ठिकाण मात्र गूगल फोटोजमध्ये पुसता येत नाही, तुम्ही हाताने टाकलेलं किंवा त्यांनी अंदाजाने लावलेलं तेवढं बदलतं. मी तर पुसलेल्या `baher` मधल्याच प्रती वेगळ्या खात्यावर चढवून मग लिंक दिली असती.

नाना_जोगळेकर

स्क्रीनशॉट काढून टाकला तर एवढी भानगडच नाही की.

रानभूल

नाना, ठिकाण जातं, पण फोटोही जातो. फुलाच्या आतले केस स्क्रीनशॉटमध्ये मोजून दाखवा 😄

नाना_जोगळेकर

सोफ्याला चालेल मग.

रानभूल

आणखी एक, हे कोणी बोललं नाही. माझ्या फुलाच्या फोटोत मागे धुरकट दिसणारी डोंगररांग आहे, एक टोकदार सुळका आणि डावीकडे मनोरा. साताऱ्याचा कोणीही भटक्या दोन मिनिटांत सडा सांगेल. तो फोटो मी टाकतच नाही, जवळून काढलेलाच देतो.

पठारवेडा

बरोबर. आमच्या अल्बममधून क्षितिज दिसणारे फोटो बाजूला काढले. बाकीचे `baher` मध्ये तयार झाले, यादी रिकामी आली, सगळे नापास. नावंही बदलली. मागवाल्याने माग बंद केला, पण कुरकुरत. आता एक राहिलं. त्या फुलावर माशी आत शिरताना काढलेला व्हिडिओ आहे, एमपी४. त्यातही ठिकाण असतं का?

खटपट्या

असतं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही व्हिडिओतही लिहितात, वेगळ्या कप्प्यात. वाचायला तीच आज्ञा चालेल, मधे `-ee` घाला. काढायला मी `ffmpeg` वापरतो, चित्र पुन्हा न दाबता नवी फाइल बनते:

```
ffmpeg -i mashi.mp4 -map_metadata -1 -c copy baher/v01.mp4
```

झाल्यावर नवी फाइल पुन्हा वाचून बघा, अंदाजावर सोडू नका. आणि आवाज ऐका एकदा. मागे कोणीतरी गावाचं नाव घेऊन हाक मारत असतं.

पठारवेडा

ऐकला. मीच "अरे" म्हणून वाडीचं नाव सांगतोय फोनवर. आवाज काढायला काय लिहायचं?

खटपट्या

त्याच ओळीत `-c copy` च्या पुढे `-an`.